तक्त्यावरचा एक चुकलेला बाण

वाणगावजवळच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाची परीक्षक म्हणून मी गेले होते. नववीच्या मुलींनी ‘रक्तक्षय आणि आपण’ या विषयावर मोठा तक्ता केला होता. पालघर जिल्ह्यातल्या शाळेला हा विषय सुचावा यात नवल नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. मुलींनी आकडेवारी, आहार, लोहाच्या गोळ्या यांची माहिती नेटकेपणाने मांडली होती. तक्त्याच्या मधोमध मात्र बाणांची एक साखळी होती, आणि आजचा लेख त्या साखळीविषयी आहे.

साखळी अशी होती : हिमोग्लोबिन कमी → रक्तातील ऑक्सिजन कमी → मानेतील कॅरॉटिड पिंडांना ते कळते → मेंदू श्वास वाढवतो → म्हणून धाप लागते.

तक्त्यापुढच्या टेबलावर बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर ठेवला होता. कोविडच्या साथीनंतर हे उपकरण बऱ्याच शाळांत पोहोचले आहे. माहिती सांगणाऱ्या दोघी मुलींपैकी एक म्हणाली, “मॅडम, शाळेतल्या तपासणीत माझं हिमोग्लोबिन सात आलंय. पण माझा श्वास तर हिच्याइतकाच चालतो.” आम्ही मोजून पाहिले. मैत्रिणीचा श्वास मिनिटाला १६ वेळा, हिचा १७ वेळा. ऑक्सिमीटरवर दोघींचेही ९८ टक्के. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या बाई म्हणाल्या, “म्हणजे तपासणीचा रिपोर्टच चुकला असणार. श्वासही नीट, ऑक्सिजनही नीट.”

बाईंचा तर्क तक्त्याला धरूनच होता. तक्त्यावरची साखळी खरी असेल, तर जिचा श्वास वाढलेला नाही तिला तीव्र रक्तक्षय असूच शकत नाही. म्हणूनच ही चूक केवळ पुस्तकी राहत नाही. चुकलेला बाण उलट दिशेने वाचला की त्यातून एक चुकीची परीक्षा तयार होते, आणि या परीक्षेत आजारी मुलगी निरोगी ठरते. तेव्हा साखळीतला प्रत्येक बाण तपासून पाहू.

पहिला बाण : ‘ऑक्सिजन कमी’ म्हणजे नेमके काय कमी?

रक्तात ऑक्सिजन दोन ठिकाणी असतो. बराचसा हिमोग्लोबिनला जोडलेला असतो आणि अगदी थोडा रक्तद्रवात विरघळलेला असतो. विरघळलेला ऑक्सिजन रक्तात जो दाब निर्माण करतो, त्याला ऑक्सिजनचा आंशिक दाब म्हणतात. फुप्फुसांतल्या हवेत ऑक्सिजनचा दाब सुमारे १०० मिलिमीटर पारा असतो. फुप्फुसांतून बाहेर पडणारे रक्त जवळजवळ त्याच दाबाचे, म्हणजे ९५ च्या आसपास असते. हा दाब फुप्फुसातील हवेवर ठरतो, हिमोग्लोबिन किती आहे यावर नाही. त्या दाबाला हिमोग्लोबिनच्या सुमारे ९७ टक्के जागा ऑक्सिजनने भरतात. जागा शंभर असोत वा पन्नास, भरण्याचे प्रमाण तेच राहते.

आता हिशेब करू. एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरले की सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरते. मैत्रिणीचे हिमोग्लोबिन १०० मिलिलिटर रक्तात १४ ग्रॅम आहे असे धरू. तिच्या १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १८.२ मिलिलिटर जोडलेला आणि ०.३ मिलिलिटर विरघळलेला, असा एकूण १८.५ मिलिलिटर ऑक्सिजन असेल. सात ग्रॅमवाल्या मुलीच्या रक्तात जोडलेला ९.१ आणि विरघळलेला तोच ०.३, म्हणजे एकूण ९.४ मिलिलिटर. एकूण साठा निम्म्यावर आला, पण दाब ९५ च राहिला आणि भरणीची टक्केवारीही ९७ च राहिली.

म्हणजे पहिला बाण एका अर्थाने खरा आणि दुसऱ्या अर्थाने खोटा आहे. ‘ऑक्सिजन कमी’ या एकाच शब्दप्रयोगात आपण दोन वेगळ्या राशी कोंबल्या आहेत : साठा आणि दाब. रक्तक्षयात साठा घटतो, दाब घटत नाही. पुढचा सगळा घोटाळा या एका शब्दप्रयोगातून निघतो.

ऑक्सिमीटरचे ९८ टक्केही इथेच उलगडतात. ते उपकरण बोटातून प्रकाश पाठवून, असलेल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के भरलेले आहे एवढेच सांगते. एकूण हिमोग्लोबिन किती हे ते सांगत नाही. अर्ध्या डब्यांची गाडी खचाखच भरली असली तरी ती ‘पूर्ण भरलेली’च म्हणावी लागते, तसेच हे आहे.

दुसरा बाण : कॅरॉटिड पिंड कशाची दखल घेतात?

मानेच्या दोन्ही बाजूंना, जबड्याच्या कोनाच्या थोडे खाली, मुख्य ग्रीवा धमनीचे दोन फाटे होतात. तिथे भाताच्या दाण्याएवढा एकेक पिंड असतो. शरीररचनाशास्त्रज्ञ त्याला बराच काळ एखादी ग्रंथी समजत. स्पेनमधील फर्नांडो दे कास्त्रो यांनी १९२० च्या दशकात त्यातील मज्जातंतूंची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि हा रक्ताची चव घेणारा संवेदक असावा असे सुचवले. पुढे बेल्जियमच्या कॉर्नेल हेमान्स यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून त्याचा श्वसनाशी असलेला संबंध सिद्ध केला आणि त्यासाठी त्यांना १९३८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पिंडातील पेशींचे काम थोडक्यात असे चालते. पेशीभोवतालचा ऑक्सिजनचा दाब घसरला की तिच्या आवरणातील पोटॅशियमच्या काही वाटा बंद होतात. त्यामुळे पेशीचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत शिरते आणि पेशी रासायनिक निरोप्ये बाहेर टाकते. शेजारचा मज्जातंतू तो निरोप लंबमज्जेकडे नेतो आणि श्वास वाढतो. पेशीला दाब घसरल्याचे प्रथम नेमके कसे कळते यावर अजून वाद आहेत. तिच्यातील तंतुकणिकांचा त्यात मोठा वाटा असावा असे पुरावे आहेत. आपल्या प्रश्नासाठी एवढे पुरे की धमनीतला दाब ९५ असताना हा तंतू अगदी तुरळक बोलतो आणि दाब ६० च्या खाली उतरू लागला की त्याची बडबड झपाट्याने वाढते.

दाब आणि साठा यांतला फरक पाहायचा असेल तर डोंगरावर जावे. समुद्रसपाटीवर राहणारा निरोगी माणूस लेहच्याही वर, साडेचार हजार मीटर उंचीवर नुकताच पोहोचला आहे असे समजा. हवा विरळ असल्याने त्याच्या धमनीतील ऑक्सिजनचा दाब सुमारे ४५ वर येतो आणि हिमोग्लोबिन साधारण ८० टक्के भरते. हिमोग्लोबिन १४ ग्रॅम असेल तर १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १५ मिलिलिटर ऑक्सिजन असेल. तो माणूस बसल्या जागीही नेहमीपेक्षा जास्त श्वास घेतो. आपल्या वाणगावच्या मुलीजवळ केवळ ९.४ मिलिलिटर आहे, तरी तिचा श्वास शांत आहे. ज्याच्याजवळ साठा जास्त तो धापा टाकतो, आणि ज्याच्याजवळ कमी ती स्वस्थ बसते. श्वास साठ्यावर ठरत असता तर असे झालेच नसते.

इथे चौकस विद्यार्थी एक प्रश्न विचारील आणि तो विचारला जावा अशीच अपेक्षा आहे. धमनीत दाब ठीक असेल, पण पिंडाच्या पेशी रक्तातून ऑक्सिजन घेतात. रक्तात साठाच कमी असेल, तर पेशींपाशी पोहोचेपर्यंत दाब कोसळणार नाही का? शरीराच्या इतर भागांत तसे होतेच. विश्रांतीत प्रौढ माणसाचे शरीर मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरते आणि हृदय सुमारे पाच लिटर रक्त फिरवते, म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्तातून ५ मिलिलिटर ऑक्सिजन काढला जातो. १८.५ मधून ५ गेले तर १३.५ उरतात आणि हृदयाकडे परतणाऱ्या रक्तातील दाब ४० च्या आसपास राहतो. ९.४ मधून ५ गेले तर ४.४ च उरतात, आणि हृदयाने जोर वाढवला नाही तर दाब २६ च्या आसपास उतरतो. मग कॅरॉटिड पिंड या नियमातून सुटतो कसा?

उत्तर त्याच्या रक्तपुरवठ्यात आहे. १९५४ साली डॅली, लँबर्टसन आणि श्वाइट्झर यांनी मांजराच्या कॅरॉटिड पिंडातून वाहणारे रक्त मोजले. पिंडाचे वजन दोन मिलिग्रॅमच्या आसपास, पण त्यातून वाहणारे रक्त वजनाच्या मानाने अफाट होते : १०० ग्रॅम ऊतीमागे मिनिटाला सुमारे २,००० मिलिलिटर. मेंदूसाठी हाच आकडा ५५ च्या आसपास असतो. पिंडाची भूकही मोठी आहे. त्याच मोजणीत १०० ग्रॅममागे मिनिटाला सुमारे ९ मिलिलिटर ऑक्सिजनचा वापर दिसला, जो मेंदूच्या अडीचपट आहे. नंतरच्या काही मोजण्यांत वापर याहून कमी आढळला. पण आपण मोठाच आकडा धरू, म्हणजे हिशेब आपल्या म्हणण्याच्या बाजूने झुकवला असे होणार नाही.

१०० ग्रॅम मेंदूला निरोगी स्थितीत मिनिटाला सुमारे १० मिलिलिटर ऑक्सिजन मिळतो आणि तो ३.५ वापरतो, म्हणजे तिसरा हिस्सा. १०० ग्रॅम कॅरॉटिड ऊतीला मिळतात ३७० मिलिलिटर आणि ती वापरते ९, म्हणजे शंभरात अडीच. साठा निम्मा झाला तर मेंदूला वाट्याला आलेल्यातील दोन तृतीयांश काढावे लागेल, म्हणून त्याच्याकडे जाणारे रक्त वाढवावे लागते. कॅरॉटिड पिंडाला मात्र १८८ पैकी ९ घ्यायचे आहेत, म्हणजे शंभरात पाचसुद्धा नाहीत. पिंडातून बाहेर पडणाऱ्या रक्तातील दाबाचा ढोबळ हिशेब केला, तर निरोगी माणसात तो ७५ च्या आसपास आणि सात ग्रॅम हिमोग्लोबिन असताना ६७ च्या आसपास येतो. फरक आहे, पण पिंडाने आरडाओरडा करावा अशा पातळीच्या तो वरच राहतो. डोंगरावरच्या माणसाच्या पिंडात रक्त शिरतानाच त्याचा दाब ४५ असतो, हे शेजारी ठेवून पाहावे.

म्हणजे तक्त्यावरचा दुसरा बाण चुकलेला आहे. पिंड ऑक्सिजनचा साठा मोजत नाही. प्रचंड प्रवाहातून चिमूटभर घेणारा हा पिंड धमनीतला दाब जसाच्या तसा वाचू शकतो, आणि त्याच कारणाने साठ्याबाबत तो जवळजवळ आंधळा राहतो.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

हे आकडे फळ्यावर लिहिण्यापेक्षा दोन भांड्यांनी दाखवावेत. एक १० सेंटिमीटर व्यासाची सरळ बरणी आणि एक ७ सेंटिमीटर व्यासाची सरळ बाटली घ्यावी. दोन्हींत २० सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरावे. पाण्याची उंची म्हणजे दाब आणि एकूण पाणी म्हणजे साठा. बरणीत सुमारे १,५७० मिलिलिटर पाणी मावेल, बाटलीत ७७०. बाहेरून पट्टी लावून उंची पाहिली तर दोन्ही सारखीच दिसतात. धमनीतल्या रक्ताचे तसेच आहे.

आता दोन्हींतून ३८५ मिलिलिटर पाणी काढावे. बरणीची पातळी सुमारे ५ सेंटिमीटर उतरेल, बाटलीची १०. ही स्थिती स्नायूंची. पुन्हा भरून दोन्हींतून फक्त एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर पाणी काढावे. बरणीची पातळी अर्धा मिलिमीटरभर आणि बाटलीची सव्वा मिलिमीटरच्या आसपास उतरेल. पट्टीवर कोणाच्या लक्षातही येणार नाही. ही स्थिती कॅरॉटिड पिंडाची. उपमेची मर्यादाही सांगावी : हिमोग्लोबिन सरळ भिंतीच्या भांड्यासारखे वागत नाही, दाब आणि भरणी यांचा आलेख इंग्रजी एस अक्षरासारखा वळणदार असतो. पण साठा आणि दाब वेगळे असतात, आणि थोडे घेणाऱ्याला साठ्यातली तूट कळत नाही, या दोन गोष्टी या भांड्यांतून नीट समजतात.

तिसरा बाण आणि एक मोहक चूक

‘पिंडाने निरोप दिला की मेंदू श्वास वाढवतो’ हा तिसरा बाण स्वतःपुरता बरोबर आहे. फक्त रक्तक्षयात तो निरोप फारसा निघतच नाही. एरवी विश्रांतीत आपला श्वास मुख्यतः कार्बन डायऑक्साइडवर चालतो. त्याची पातळी किंचित वाढली तरी मेंदूतील संवेदक श्वास वाढवतात. रक्तक्षयात शरीर विश्रांतीच्या वेळी जवळपास तेवढाच कार्बन डायऑक्साइड तयार करते आणि फुप्फुसे तो बाहेर टाकतात, त्यामुळे त्या बाजूनेही श्वास वाढायला कारण उरत नाही.

या ठिकाणी काही शिक्षक असे स्पष्टीकरण देतात : श्वास वाढवून उपयोग नाही म्हणून शरीर तो वाढवत नाही. यातला पहिला भाग खरा आहे. सात ग्रॅम हिमोग्लोबिन आधीच ९७ टक्के भरलेले आहे. जोरजोराने श्वास घेऊन फुप्फुसांतला दाब वाढवला तरी १०० मिलिलिटर रक्तामागे जेमतेम ०.२ मिलिलिटर ऑक्सिजन जास्त मिळेल. पण ‘म्हणून’ हा शब्द खटकतो. शरीर नफातोटा पाहून ठरवत नाही. श्वास वाढत नाही, कारण निरोप देणाऱ्या पेशी दाब वाचतात आणि दाब घटलेला नाही. उपयोग नसणे हे या रचनेचे समर्थन असू शकेल, तिची यंत्रणा नव्हे. विद्यार्थ्यांना हा भेद लवकर कळला तर पुढे बऱ्याच ठिकाणी कामास येतो.

हाच नियम जीवघेणा कसा ठरतो हे कार्बन मोनॉक्साइडमध्ये दिसते. हा वायू हिमोग्लोबिनच्या जागा अडवतो. साठा घटतो, पण विरघळलेल्या ऑक्सिजनचा दाब तसाच राहतो, म्हणून कॅरॉटिड पिंड गप्प बसतात. मूळचे बंगालचे आणि पुढे अमेरिकेत काम केलेले सुखमय लाहिरी आणि त्यांचे सहकारी यांनी १९८१ साली मांजरांवर हे तपासले. कार्बन मोनॉक्साइडने हिमोग्लोबिन अडले असता कॅरॉटिड पिंडांचा प्रतिसाद क्षीण होता. महाधमनीजवळच्या तशाच पिंडांचा मात्र ठळक होता, कारण वापराच्या मानाने त्यांचा रक्तपुरवठा इतका उदार नसतो. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यातील मुलांना भट्ट्या आणि बॉयलर परिचयाचे असतात. बंद जागेत जळणाचा धूर कोंडला तर गुदमरल्याची धोक्याची सूचना मिळेलच असे नाही, हे त्यांना याच धड्यात सांगता येईल. ऑक्सिमीटरही तिथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरल्यासारखेच दिसते.

शेवटचा बाण : मग धाप कशाने लागते?

रक्तक्षय झालेल्या माणसाला धाप लागते हे काही खोटे नाही. पण ती बहुधा चालताना, पूल चढताना, हंडा उचलताना लागते. काम करणाऱ्या स्नायूला ऑक्सिजन पुष्कळ लागतो. साठा अपुरा असल्याने स्नायू लवकरच ऑक्सिजनविना चालणाऱ्या मार्गाकडे वळतो आणि लॅक्टिक आम्ल जमू लागते. रक्ताची आम्लता वाढते, आणि आम्लता वाढल्याचे मात्र कॅरॉटिड पिंडांना चांगले कळते. म्हणजे धाप आणणारा निरोप काही अंशी त्याच पिंडांकडून येतो, पण कारण ऑक्सिजनचे नसून आम्लाचे असते.

विश्रांतीत शरीर तूट भरून काढते ती प्रामुख्याने हृदयाकडून. हृदय जास्त रक्त फिरवते, ऊती आलेल्या रक्तातून मोठा हिस्सा काढून घेतात आणि हिमोग्लोबिनही काही दिवसांत ऑक्सिजन थोडा सैल हाताने सोडू लागते. साठ्याची खरी दखल घेणारा अवयव दुसराच आहे : मूत्रपिंड. तिथल्या काही पेशींभोवतालचा दाब रक्तातील साठ्याप्रमाणे खालीवर होतो. तो उतरला की त्या एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडून अस्थिमज्जेला तांबड्या पेशी वाढवायला सांगतात. पेशींना ऑक्सिजनची कमतरता कळण्याच्या या यंत्रणेच्या शोधासाठी २०१९ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. लोहच नसेल तर अस्थिमज्जा तो निरोप ऐकूनही फारसे काही करू शकत नाही.

या सगळ्याला दोन अपवाद नोंदवायला हवेत. अचानक पुष्कळ रक्त वाहून गेले तर रक्तदाब पडतो, पिंडाचा तो उदार प्रवाहच आटतो आणि मग श्वास वाढतो. आणि दीर्घकाळाचा रक्तक्षय फार तीव्र झाला, हृदय थकले, फुप्फुसांत पाणी साचू लागले, तर बसल्या जागी धाप लागते. अशा रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. म्हणजे रक्तक्षयात विश्रांतीतली धाप ही सुरुवातीची खूण नसून फार उशिराची खूण आहे. तक्त्याने तिला सुरुवातीची खूण करून टाकले होते.

ऑक्सिमीटरवरचा दुसरा आकडा

त्या दिवशी मी दोघींना पुन्हा ऑक्सिमीटर लावायला सांगितला आणि ९८ च्या शेजारचा आकडा वाचायला सांगितला. तो नाडीचा असतो. मैत्रिणीची नाडी ७६ होती, हिची १०४. दोघी बराच वेळ एकाच जागी बसून होत्या. पडद्यावर खूण होती, पण आम्ही सगळे दुसऱ्याच आकड्याकडे पाहत होतो. नाडी जलद असणे हाही पुरावा नव्हे. ताप, भीती, थायरॉइडचे विकार यांनीही ती वाढते. पण ‘रिपोर्ट चुकला असेल’ असे म्हणण्याआधी थांबायला ती पुरेशी होती. १२ वर्षांवरील मुलींत १२ ग्रॅमच्या खाली रक्तक्षय आणि ८ च्या खाली तीव्र रक्तक्षय, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. त्या हिशेबाने हिला डॉक्टरांकडे पाठवायलाच हवे होते. कारणही शोधायला हवे होते, कारण लोहाची कमतरता सर्वांत जास्त आढळत असली तरी या भागातील आदिवासी समाजांत सिकलसेलचा आजारही आढळतो, आणि त्याचे उपचार वेगळे आहेत.

बाईंनी तिच्या आईला निरोप पाठवला. मुलींनी तक्ता फाडला नाही, वर कागद चिकटवून साखळी नव्याने लिहिली. आता तिचे दोन फाटे होते. पहिला : हिमोग्लोबिन कमी → साठा कमी, दाब तोच → कॅरॉटिड पिंड शांत → विश्रांतीत श्वास जवळजवळ नेहमीसारखा. दुसरा : साठा कमी → हृदय जलद, श्रम केले की स्नायूत आम्ल → धाप. खाली त्या मुलीने स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली होती : ‘श्वास नीट आहे म्हणून रक्त नीट आहे असे समजू नये. तपासून घ्यावे.’